भागधारकाने पत्र कोणाला लिहावे?

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील चौकाला लोक आजही ‘मायको सर्कल’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की पुरते. परंतु ज्या ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड’च्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले, त्या नावाची कंपनी आज कंपन्यांच्या नोंदवहीत नाही. 2008 साली तिचे नाव ‘बॉश लिमिटेड’ असे झाले. चौकाला जुने नाव राहिले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. कपाटातल्या शेअर सर्टिफिकेटावर जुने नाव राहिले म्हणजे मात्र बिघडू शकते. कारण त्या कागदावरचा पत्ता, त्यावरील सह्या आणि पत्रव्यवहाराची व्यवस्था या तिन्ही गोष्टी मधल्या काळात बदललेल्या असतात, आणि हक्क मात्र त्या कागदाच्याच आधारे सांगावा लागतो.

औद्योगिक वसाहतींमुळे मोठ्या कंपन्यांचे कारखाने नाशिककरांच्या शेजारी आले आणि मध्यमवर्गीय घरांत त्या कंपन्यांचे थोडेथोडके शेअरही आले. घेणाऱ्याचे वय झाले किंवा तो निवर्तला, की हे कागद वारसांच्या हाती लागतात. मग स्वाभाविकपणे वाटते की सातपूरच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन चौकशी करावी. तेथेच पहिली चूक होते. कारखाना ही उत्पादनाची जागा आहे. भागधारकांची नोंदवही तेथे नसते, तिच्याबद्दल उत्तर देण्याचे कायदेशीर दायित्व असलेला अधिकारीही तेथे बसत नाही. फाटकावर दिलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही, आणि आले नाही तरी त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

वस्तुतः कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 203 नुसार प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. ‘सेबी’च्या 2015 च्या सूचिबद्धता नियमांतील सहावा नियम त्यापुढे जाऊन सांगतो की अनुपालन अधिकारी म्हणून अर्हताप्राप्त कंपनी सेक्रेटरीचीच नेमणूक व्हावी. म्हणजे पदे दोन दिसली तरी सूचिबद्ध कंपनीत खुर्ची बहुधा एकच असते. नियम पाळले जात आहेत की नाहीत हे पाहणे, शेअर बाजार, डिपॉझिटरी व सेबी यांच्याशी संपर्क ठेवणे आणि गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर लक्ष ठेवणे ही त्या अधिकाऱ्याची नेमून दिलेली कामे आहेत. ही खुर्ची फार काळ रिकामी ठेवता येत नाही; 2023 च्या दुरुस्तीने ती सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत भरण्याचे बंधन घातले.

शेअर रजिस्ट्रार ही याहून निराळी संस्था होय. भागधारकांची नावे, पत्ते, फोलिओ क्रमांक, लाभांशाची देणी, वारसनोंद, दुय्यम सर्टिफिकेट हे दैनंदिन काम बहुतेक कंपन्या बाहेरच्या नोंदणीकृत संस्थेकडे सोपवितात. सातव्या नियमानुसार कंपनीला हे काम स्वतःच्या कचेरीतही करता येते. परंतु भागधारकांची संख्या एक लाखाच्या वर गेली की तिने स्वतः सेबीकडे तशी नोंदणी करावी किंवा नोंदणीकृत रजिस्ट्रार नेमावा, असे बंधन आहे. रजिस्ट्रार हा कंपनीने नेमलेला अभिकर्ता असतो. त्याने काम केले नाही तर कंपनीचे दायित्व संपत नाही, ही गोष्ट पत्र लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

या दोघांमधील कामाची वाटणी समजली की निम्मा गोंधळ मिटतो. प्रश्न स्वतःच्या धारणेचा असेल, म्हणजे माझ्या नावावर किती शेअर आहेत, लाभांश का आला नाही, पत्ता कसा बदलावा, अशा स्वरूपाचा असेल, तर पहिले पत्र रजिस्ट्रारला जावे. प्रश्न कंपनीच्या कारभाराचा असेल, उदाहरणार्थ सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत हवी असेल किंवा एखाद्या ठरावाबद्दल विचारायचे असेल, तर तो कंपनी सेक्रेटरीचा विषय होय. कलम 119 नुसार सदस्याने शुल्क भरून मागणी केली की इतिवृत्ताची प्रत सात कामकाजी दिवसांत मिळावयास हवी. रजिस्ट्रारकडे ती मागून उपयोग नाही. शेअर डीमॅट खात्यात असतील तर पत्ता व बँकेचा तपशील बदलण्याची जागा आणखी तिसरीच, म्हणजे ते खाते जेथे आहे तो डिपॉझिटरी सहभागी. रजिस्ट्रार त्या नोंदी स्वतः बदलू शकत नाही. त्याच्याकडे त्या डिपॉझिटरीकडून येतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहावे. समजा, सातपूर परिसरातील एका निवृत्त कामगाराचे निधन झाले आणि त्याच्या पत्नीला ट्रंकेत ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’चे कागदी सर्टिफिकेट सापडले. तिने प्रथम त्या कागदावरील चार गोष्टी उतरून घ्याव्यात: धारकाचे नाव जसेच्या तसे, फोलिओ क्रमांक, सर्टिफिकेटाचा क्रमांक आणि शेअरांचे अनुक्रमांक. मागील बाजूस हस्तांतरणाच्या नोंदी असतील तर त्यांतील शेवटचे नाव महत्त्वाचे, पुढच्या बाजूचे नव्हे. कारण पुढे छापलेल्या धारकाने ते शेअर नंतर विकलेले असू शकतात.

दुसरी पायरी कंपनीची आजची ओळख निश्चित करण्याची. मुंबई शेअर बाजारात बॉशचा क्रमांक 500530 आहे. बाजाराच्या www.bseindia.com या स्थळावर या क्रमांकाने कंपनीचे पान उघडते. याहून खात्रीची खूण म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. बॉशचा तो क्रमांक असा आहे:

```
L85110KA1951PLC000761
```

दिसायला क्लिष्ट असला तरी हा क्रमांक वाचता येतो. पहिले अक्षर कंपनी सूचिबद्ध असल्याचे सांगते. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीच्या क्रमांकाचा आरंभ U या अक्षराने होतो. त्यापुढील पाच अंक उद्योगाचे. नंतरची KA ही दोन अक्षरे राज्याची, म्हणजे कर्नाटकाची. 1951 हे स्थापनेचे वर्ष, PLC ही सार्वजनिक मर्यादित कंपनीची खूण आणि अखेरचे सहा अंक नोंदणीचे. नाव बदलले म्हणून स्थापनेचे वर्ष व नोंदणीचे अंक बदलत नाहीत. सातपूरच्या त्या गृहिणीला ‘KA’ या दोन अक्षरांतच आपले उत्तर मिळते: कारखाना नाशकात असला तरी कंपनीचे घर कर्नाटकात आहे. नोंदणीकृत कार्यालय बंगळूरला आहे, आणि कलम 20 प्रमाणे कंपनीवर कागद बजावण्याची जागा तीच. याउलट नाशिकच्याच अशोका बिल्डकॉनचे नोंदणीकृत कार्यालय वडाळा भागातील अशोका मार्गावर आहे. तिच्या क्रमांकात ‘MH’ व 1993 दिसतात. तेथे भागधारकाला पत्र हातोहात देऊन पोच घेता येईल. एकाच शहरातील दोन कंपन्यांच्या बाबतीत दार इतके निराळे असू शकते, म्हणून अंदाजाने जाऊ नये.

तिसरी पायरी कंपनी सेक्रेटरी व रजिस्ट्रार यांची आजची नावे व पत्ते मिळविण्याची. त्यासाठी तीन जागा आहेत. पहिली जागा कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल. त्यातील निगम प्रशासनाच्या प्रकरणात अनुपालन अधिकाऱ्याचे नाव व पद द्यावे लागते, आणि भागधारकांसाठीच्या सर्वसाधारण माहितीत रजिस्ट्रार व पत्रव्यवहाराचा पत्ता. दुसरी जागा कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. छेचाळिसाव्या नियमानुसार तक्रारींसाठीचा ई-मेल पत्ता आणि त्या हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांचा संपर्क तेथे असलाच पाहिजे. तिसरी जागा शेअर बाजाराच्या स्थळावरील कंपनीचे पान व तिने बाजाराला वेळोवेळी कळविलेल्या सूचना.

या तिन्ही ठिकाणी माहिती एकच असेल तर प्रश्न मिटला. ती जुळली नाही तर वर्षातून एकदा निघणाऱ्या अहवालापेक्षा बाजाराला दिलेली ताज्या तारखेची सूचना ग्राह्य धरावी. सेक्रेटरी बदलला किंवा रजिस्ट्रार बदलला की कंपनीला ते बाजाराला कळवावे लागते आणि त्या कळविण्यावर तारीख असते. संकेतस्थळावरील पानावर मात्र ते केव्हा लिहिले याची नोंद पुष्कळदा नसते. तेवढ्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. पत्राच्या माथ्यावर अधिकाऱ्याचे व्यक्तिगत नाव न घालता ‘कंपनी सेक्रेटरी व अनुपालन अधिकारी’ असे पद लिहावे. व्यक्ती नोकरी सोडून जाते, पद राहते, आणि पदाला आलेले पत्र मिळाले नाही असे म्हणणे कंपनीला जड जाते.

रजिस्ट्रारचे नाव मात्र वृत्तपत्रात छापले तरी ते किती दिवस खरे राहील याची हमी नाही. या व्यवसायातील दोन मोठ्या संस्थांकडे पाहिले तरी हे पटते. ‘कार्वी’च्या नावाने ओळखला जाणारा रजिस्ट्रारचा व्यवसाय 2019 अखेर ‘केफिन टेक्नॉलॉजीज’ झाला. ‘लिंक इनटाइम’ हे नाव 2024 च्या अखेरीस जाऊन ‘एमयूएफजी इनटाइम’ आले. पाच वर्षांपूर्वीच्या लाभांशपत्रावरील नाव आज फलकावर नसेल तर ती संस्था बुडाली असे समजण्याचे कारण नाही. पण तिच्या जागी कोण आले हे तारखेनिशी पाहिल्याखेरीज कागद पाठवू नयेत. रजिस्ट्रारला सेबीचा नोंदणी क्रमांक असतो व त्याचा आरंभ INR या अक्षरांनी होतो. सेबीच्या www.sebi.gov.in या स्थळावरील नोंदणीकृत संस्थांच्या यादीत तो क्रमांक व पत्ता पडताळता येतो.

ही पडताळणी केवळ काटेकोरपणासाठी सांगितली जात नाही. मार्च 2016 मध्ये सेबीने मुंबईच्या ‘शेअरप्रो सर्व्हिसेस’ या रजिस्ट्रारविरुद्ध आदेश काढला. ज्या धारकांकडून वर्षानुवर्षे काही हालचाल नव्हती, त्यांचे शेअर व लाभांश रजिस्ट्रारच्या वरिष्ठांशी संबंधित मंडळींकडे वळविले गेल्याचे त्यात नमूद होते. त्या संस्थेची सेवा घेणाऱ्या कंपन्यांना आपल्या नोंदी तपासून घेण्यास व काम दुसरीकडे हलविण्यास सांगण्यात आले. या प्रकरणाचा बोध साधा आहे. जो भागधारक कधीच विचारणा करीत नाही, त्याची नोंद सर्वात असुरक्षित असते. आणि विचारणा करताना तिची एक प्रत रजिस्ट्रारबरोबरच कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्यालाही जावयास हवी, म्हणजे एकाच्या टेबलावर कागद दडपला तरी दुसऱ्याच्या दप्तरी तो राहतो. तोतयांपासून सावध राहण्याचा मार्गही हाच. ‘तुमचे जुने शेअर सोडवून देतो’ असे सांगणाऱ्याचा ई-मेल पत्ता वार्षिक अहवालातील पत्त्याशी जुळत नसेल, किंवा तो टक्केवारी वा दूरध्वनीवरील गुप्त संकेतांक मागत असेल, तर तो ना रजिस्ट्रार असतो, ना कंपनी.

आता पत्र. सातपूरच्या गृहिणीने पहिल्याच पत्रासोबत मूळ सर्टिफिकेट पाठवू नये, छायाप्रत पुरे. पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची व स्वतःच्या पॅन कार्डाची स्वसाक्षांकित प्रत जोडावी आणि मोघम ‘माहिती द्यावी’ असे न लिहिता मोजके चार प्रश्न विचारावेत. या फोलिओत आज कोणाच्या नावे किती शेअर आहेत? कोणकोणत्या वर्षांचा लाभांश दिला गेलेला नाही? शेअर वा लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले आहेत काय, व असल्यास केव्हा? वारसनोंदीसाठी कोणते कागद लागतील? पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी आणि तेच ई-मेलनेही पाठवावे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. धारक हयात नसेल आणि विचारणारी व्यक्ती अद्याप नोंदीत आलेली नसेल, तर रजिस्ट्रार सर्व तपशील लगेच देईलच असे नाही, आणि त्याचा हा संकोच रास्तही आहे. अन्यथा कोणीही कोणाच्याही शेअरांची चौकशी करील. अशा वेळी चौथ्या प्रश्नाचे उत्तर तरी मिळतेच आणि त्या कागदांची पूर्तता करून पुढे जाता येते. धारक हयात असेल तर पॅन, पत्ता, बँक व सही यांच्या नोंदीसाठी आयएसआर-1 हा नमुना भरावा लागतो. जुनी सही जुळत नसल्यास बँकेकडून ती प्रमाणित करून घेण्यासाठी आयएसआर-2. वारसनोंदीसाठी आयएसआर-5 आहे. हे नमुने रजिस्ट्रारच्या स्थळावर मिळतात. नोंद झाल्यावर शेअर पुन्हा कागदाच्या रूपात मिळत नाहीत, डीमॅट खात्यातच येतात. त्यामुळे असे खाते उघडण्याची तयारी आधीच ठेवावी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले तर वाट थोडी वळते. लाभांश सात वर्षे कोणी मागितला नाही तर तो त्या निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअरही जातात. हक्क तरीही संपत नाही. प्रथम कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यावे लागते व मग आयईपीएफ-5 हा अर्ज निधी प्राधिकरणाकडे करावा लागतो. या कामासाठी प्रत्येक कंपनीला एक समन्वय अधिकारी नेमावा लागतो. कित्येक कंपन्यांत कंपनी सेक्रेटरीच ते काम पाहतो.

उत्तरच आले नाही तर? प्रथम अनुपालन अधिकाऱ्याला पहिल्या पत्राची तारीख व पोच देऊन स्मरणपत्र लिहावे. त्यानंतर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार व्यवस्थेकडे scores.sebi.gov.in येथे जावे. एप्रिल 2024 पासून तिच्या सुधारित रूपात कंपनीला 21 दिवसांत केलेल्या कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर पंधरा दिवसांत फेरविचार मागता येतो. पण ही व्यवस्था तक्रारदाराने आधी कंपनीकडे दाद मागितली होती काय, हे पाहते. योग्य अधिकाऱ्याला, योग्य पत्त्यावर, तारखेनिशी पाठविलेले पहिले पत्र यासाठीच मोलाचे. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवलेला कागद येथे पुरावा म्हणून उभा राहत नाही.

येथवर जे सांगितले त्यावरून एक गोष्ट उघड होते. दार कायद्याने दिले आहे, परंतु ते शोधण्याचा भार भागधारकावर टाकला आहे. शेअर निधीकडे वर्ग करण्याआधी तीन महिने कंपनीने धारकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर कळवावे आणि इंग्रजी व प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत सूचना द्यावी, असा नियम आहे. पण कंपनीचे घर कर्नाटकात असले की ती प्रादेशिक भाषा कन्नड ठरणे स्वाभाविक होय. सातपूरच्या बाईने ती सूचना कोठे वाचावी? आणि शेवटचा ज्ञात पत्ता हा तर तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा असतो. नियमाचे अक्षर पाळले जाते, हेतू मात्र वाटेतच हरवतो.

2025 मध्ये निधी प्राधिकरणाने ‘सक्षम निवेशक’ या नावाने शंभर दिवसांची मोहीम योजिली आणि कंपन्यांनी आपणहून भागधारकांपर्यंत जावे, असे सांगितले. दिशा योग्य आहे, पण शंभर दिवसांनी संपणाऱ्या मोहिमेने ही उणीव भरून निघणार नाही. दोन साधे बदल पुरेसे होतील. कंपनीचे मोठे कारखाने ज्या राज्यांत आहेत, तेथील भाषेतील वृत्तपत्रांतही निधीविषयक सूचना देणे बंधनकारक करावे. आणि शेअर बाजाराच्या पानावर सेक्रेटरी व रजिस्ट्रार यांच्या नावापुढे ते केव्हापासून त्या जागी आहेत ही तारीख, व आधीच्या रजिस्ट्रारचे नाव, कायम दाखवावे. कंपन्यांकडे ही माहिती आहेच आणि ती बाजाराकडे पोहोचतेही. केवळ एका ओळीत मांडण्याचे काम उरले आहे. ते होईपर्यंत ज्यांच्या घरी जुनी सर्टिफिकेटे आहेत, त्यांनी सात वर्षांची मुदत आपल्यासाठी थांबत नाही हे जाणून पहिले पत्र या महिन्यातच टपालात टाकावे.